पेन्शन विकावी की दरमहा पूर्ण घ्यावी?

केंद्र सरकारी नोकरीतून साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला मूळ पेन्शनच्या ४० टक्क्यांपर्यंत भाग ‘विकता’ येतो. कागदोपत्री याला अंशराशीकरण म्हणतात. आमच्या शेजारच्या काकांची मूळ पेन्शन ४०,००० रुपये. १६,००० विकले, तर पुढच्या वाढदिवसाच्या वयाचा, म्हणजे ६१ चा, गुणक ८.१९४ लागतो. १६,००० × १२ × ८.१९४, म्हणजे १५,७३,२४८ रुपये एकरकमी. बदल्यात १५ वर्षं दरमहा १६,००० कापले जाणार, मग पेन्शन पूर्ववत.

काका म्हणाले, “पंधरा लाख देऊन अठ्ठावीस लाख ऐंशी हजार कापतात, लूट आहे!” बेरीज बरोबर, पण तुलना चुकली. दहा वर्षांनी हाती येणारे १६,००० आजचे १६,००० नव्हेत. ७ टक्के व्याज धरलं, तर आज साधारण ८,००० ठेवले की तेव्हा तेवढे होतात. असे १८० हप्ते आजच्या किमतीत आणून बेरीज करायची. एक्सेलमध्ये:

```
=PV(7%/12,180,-16000)
```

उत्तर सुमारे १७.८० लाख. म्हणजे ७ टक्क्यांनी पेन्शन न विकणं दोन लाखांनी सरस. ८ टक्क्यांनी हीच किंमत १६.७४ लाख होते, १० टक्क्यांनी १४.८९ लाख. दोन्ही बाजू ९ टक्क्यांच्या किंचित वर समान होतात. थोडक्यात, पेन्शन विकणं म्हणजे ९ टक्क्यांनी कर्ज घेणं. त्याहून महाग कर्ज डोक्यावर असेल तर विकून ते फेडावं. पैसे मुदत ठेवीत ठेवायचे असतील तर व्याजाचा दर आधी विचारावा.

मात्र हे कर्ज माणसाबरोबरच संपतं. पेन्शनर गेला की कपात थांबते, आणि कुटुंब निवृत्तिवेतन विक्रीमुळे कमी होत नाही. ७ टक्क्यांच्या हिशेबाने कपातीचे हप्ते १५.७३ लाखांची भरपाई करायला साधारण १२ वर्षं दोन-तीन महिने घेतात. त्याआधी, म्हणजे बहात्तरीच्या आत, माणूस गेला तर विकणारा फायद्यात. प्रकृती तोळामासा असलेल्याने याचा विचार करावा.

दुसरी खोच कराची. एकरकमी रक्कम सरकारी कर्मचाऱ्याला करमुक्त, मासिक पेन्शन मात्र करपात्र. उपकरासह २०.८ टक्के कर भरणाऱ्याच्या हाती १६,००० पैकी १२,६७२ उरतात आणि ७ टक्क्यांचं व्याजही करानंतर साडेपाचच्या आसपास येतं. या दराने हप्त्यांची किंमत १५.४६ लाख, म्हणजे विकणंच २५-३० हजारांनी पुढे. कर लागतच नसेल तर वरचा दोन लाखांचा फरक तसाच राहतो.

महागाई भत्त्याची भीती मात्र सोडा, तो मूळ पूर्ण पेन्शनवरच मिळतो. काकांना कर लागत नाही, कर्जही नाही. त्यांनी अर्जात १० टक्केच लिहिले, छताच्या गळतीपुरते.