जर्मन ग्राहकाला उशीर कळवायचाय: तीन मेल शेजारी शेजारी

भोसरीतला एक छोटा कारखाना समजा. स्टटगार्टजवळच्या ग्राहकाला 2400 हार्डन केलेल्या पिना 13 नोव्हेंबर 2026 ला रवाना करायच्या आहेत. 5 तारखेला तपासणीत 800 नगांची एक बॅच मऊ निघाली. ड्रॉइंगवर 58 ते 62 एचआरसी, मशीनवर 55. पुन्हा हार्डनिंग करावं तर ग्राइंडिंगचं माप बिघडतं, म्हणजे ते 800 नग नव्यानेच करायचे. त्यात 8 तारखेला लक्ष्मीपूजन, कामगार गावी जाणार. आता मेल लिहायचा आहे आणि तो कसा लिहावा यावर ऑफिसात दोन तट पडलेत.

मेल इंग्रजीतच जाणार. इथं मजकूर मराठीत देतोय.

पहिला, आपल्या सवयीचा:

> विषय: ऑर्डरबाबत
>
> महोदय, आपण कुशल असाल अशी आशा. आपल्या ऑर्डरचं काम उत्तम सुरू आहे. मात्र काही तांत्रिक अडचणी आणि सणाच्या सुट्ट्यांमुळे थोडा उशीर होण्याची शक्यता आहे. आमची टीम शक्य ते सर्व प्रयत्न करत आहे. माल लवकरात लवकर पाठवू. कृपया सहकार्य करावे.

यात खोटं काहीच नाही आणि कामाचंही काहीच नाही. जर्मनीत हा मेल खरेदी विभागातल्या माणसाकडे जातो. त्याला दोन गोष्टी ठरवायच्या असतात: असेंब्ली लाइनचा कार्यक्रम बदलायचा का, आणि दुसरीकडून माल उचलायचा का. ‘थोडा उशीर’ यावरून दोन्ही ठरत नाही. वर ‘उत्तम सुरू आहे’ वाचून पुढे ‘उशीर’ आला की त्याला वाटतं, हे काहीतरी लपवतायत. आपण ज्याला अदब समजतो ती तिथं टाळाटाळ वाटते.

दुसरा, ‘जर्मन लोकांना रोखठोक लागतं’ हे कुठंतरी ऐकून लिहिलेला:

> 800 नग उशिरा येतील. हार्डनेस कमी. नवीन तारीख 27 नोव्हेंबर. कळवा.

हा पहिल्यापेक्षा बरा, पण यातही घोटाळा आहे. जर्मन व्यवहारात रोखठोकपणा मजकुरात असतो, संबोधनात नाही. तिथं वर्षानुवर्षं एकत्र काम करणारे लोकही एकमेकांना ‘हेर अमुक’, ‘फ्राउ तमुक’ म्हणत आडनावानं लिहितात, डॉक्टरेट असेल तर ‘डॉक्टर’ लावतात. नुसत्या पहिल्या नावानं, किंवा नावाशिवायच सुरू झालेला मेल उद्धट वाटतो. शिवाय 27 नोव्हेंबर ही तारीख कशाची, कारखान्यातून निघायची की त्यांच्या दारात पोचायची?

तिसरा:

> विषय: ऑर्डर क्र. …, पोझिशन 20: 2400 पैकी 800 नगांना 14 दिवस उशीर, तुमचा निर्णय 12.11. पर्यंत हवा
>
> आदरणीय फ्राउ …,
>
> 2400 पैकी 1600 पिना ठरल्याप्रमाणे 13.11.2026 (KW 46) ला निघतील. उरलेल्या 800 निघणार नाहीत.
>
> कारण: एका बॅचची हार्डनेस 55 एचआरसी आली, ड्रॉइंगनुसार 58–62 हवी. ही बॅच वेगळी ठेवून बंद केली आहे. 1600 नगांच्या बॅचेस तपासल्या, त्या मापात आहेत. मोजणीचा अहवाल सोबत. मूळ कारणाचा शोध सुरू आहे, 8डी अहवाल 20.11. ला देऊ.
>
> 800 नवे नग पुण्याहून 27.11.2026 (KW 48) ला निघतील, ही तारीख पक्की. पर्याय 1: विमानाने, आमच्या खर्चाने, तुमच्याकडे अंदाजे 2.12. ला. पर्याय 2: पुढच्या समुद्री खेपेसोबत. कोणता हवा ते गुरुवार 12.11., 12:00 (जर्मन वेळ) पर्यंत कळवावं.
>
> 8 ते 11.11. दिवाळीमुळे कारखाना बंद आहे. या काळात मी या नंबरवर उपलब्ध आहे: …
>
> झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.

माझा कौल तिसऱ्याला. लांबीला तो पहिल्याच्या तिप्पट भरेल, पण वाचणाऱ्याला परत एकही प्रश्न विचारावा लागत नाही. माफी एकदाच, शेवटी. दिवाळी कारण म्हणून आलेली नाही, माहिती म्हणून आलीय, आणि हा फरक मोठा आहे. दिवाळी दरवर्षी येते, ती उशिराचं कारण कशी, असं तिकडचा माणूस मनात म्हणणारच. बंद काळात कोण भेटेल हे सांगितलं की विषय मिटतो. ते स्वतःही रजेवर जाताना बदली माणसाचं नाव ऑटोरिप्लायमध्ये लिहून ठेवतात.

‘पक्की’ आणि ‘अंदाजे’ हे शब्द मुद्दाम आहेत. जर्मनमध्ये ‘फेअरबिंडलिश’ म्हणजे बांधील आणि ‘फोराउसझिश्टलिश’ म्हणजे अपेक्षित, असा सरळ भेद करतात. तुम्ही नुसती तारीख दिलीत तर ती बांधील धरूनच चालतात. म्हणून जी तारीख आपल्या हातात आहे तीच पक्की म्हणायची. विमानाची पोच आपल्या हातात नसते.

KW म्हणजे कॅलेंडरचा आठवडा. तिकडचं नियोजन याच आकड्यावर चालतं, आणि इथं आपली एक्सेल फसवते. तिथला आठवडा सोमवारी सुरू होतो आणि 4 जानेवारी ज्या आठवड्यात येते तो पहिला. एक्सेलचं साधं WEEKNUM मात्र रविवारपासून आणि 1 जानेवारीपासून मोजतं. 2026 मध्ये सोमवार ते शनिवार दोन्ही आकडे जुळतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. 2027 मध्ये WEEKNUM एकाने पुढे जाईल आणि माल एक आठवडा आधीच आल्याची तक्रार येईल. हे वापरा:

```
=ISOWEEKNUM(A2)
```

आकड्यांचंही तसंच. आपण 1,250 लिहिलं की जर्मन डोळ्याला ते सव्वा दिसू शकतं, कारण तिथं दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब असतं. संदर्भानं बहुतेक वेळा कळतं. पण 1,250 किलो की 1.250 किलो असा घोळ झाला तर तो मजेशीर नसतो. नगसंख्या कोणतंही चिन्ह न घालता 2400 अशीच लिहा, आणि लाख-कोटी आपल्यापुरते ठेवा.

राहिला प्रश्न, मेल जर्मनमध्येच का पाठवू नये? मी सहसा नको म्हणतो. एकदा जर्मनमध्ये लिहिलं की उत्तरही जर्मनमध्ये येतं, संक्षेपांनी भरलेलं, आणि पाठोपाठ फोन. भाषांतर यंत्रातून काढलं तर एका वाक्यात आदरार्थी ‘झी’ आणि दुसऱ्यात घरगुती ‘डू’ अशी खिचडी होऊ शकते. खरेदी विभागाला साध्या, छोट्या वाक्यांचं इंग्रजी पुरतं. अपवाद छोट्या, कुटुंबाच्या कंपन्यांचा. तिथल्या गोदामातला किंवा हिशेबातला माणूस इंग्रजीला बिचकत असेल तर जर्मन लिहा, पण पाठवण्याआधी मॅक्सम्युलर भवनात वरच्या पातळ्या केलेल्या कुणाकडून तरी वाचून घ्या.

ग्राहक झुरिकचा असेल तर हाच तिसरा मेल थोडा मऊ करा. ‘निर्णय हवा’ऐवजी ‘कळवलंत तर बरं होईल’, तारीख मात्र तीच. व्हिएन्नाचा असेल तर सहीखालची पदवी नीट पाहून तशीच उतरवा, तिथं मागिस्टर आणि डिप्लोम इंजिनिअरही नावापुढे लावतात.

आणि उत्तर आल्यावर दचकू नका. ‘माहितीबद्दल धन्यवाद. पर्याय 1. एअर वेबिलचा नंबर पाठवा.’ इतकंच येईल. त्यावर मालक विचारतात, ‘चिडलेत का हो?’ चिडले असते तर तेही स्पष्ट लिहिलं असतं.