स्कूटीचे १७,७०० रुपये

आकडा आधीच सांगतो, ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या. १७,७०० रुपये. तीन वेळा गेले आणि तिन्ही वेळा पिन मीच टाकला.

मुलीला जुळे सोलापूरहून कॉलेजला जायला गाडी हवी होती. जुन्या गाड्यांच्या एका साइटवर ३२,००० ची स्कूटी दिसली. तसली गाडी इथे पंचेचाळीसच्या खाली कुणी बोलत नव्हतं. विकणारा म्हणे जवान, बदली झालेली, गाडी पुण्याच्या छावणीत. ओळखपत्र, आधार, वर्दीतला फोटो, सगळं न मागता पाठवलं. न मागता आधार कोण पाठवतं हो? पण "जवान पे भरोसा नहीं क्या सर?" म्हटल्यावर मीच ओशाळलो.

आधी गेटपासचे २,१००. मग ट्रान्सपोर्टचं डिपॉझिट ६,७५०, गाडी दारात आली की परत. गाडी हात लावून बघण्याआधी पैसे मागतोय, तिथेच फोन ठेवायला हवा होता.

आणि जे अजून झोपू देत नाही ते हे. पिन टाकण्याआधी अ‍ॅपवर घेणाऱ्याचं नाव येतं. तिथे भलत्याच बाईचं नाव होतं. मी ते वाचलं. विचारलंसुद्धा! "ट्रान्सपोर्टवाले मॅडम का खाता है." झालं, माझं समाधान.

दुसऱ्या दिवशी गाडी 'टेंभुर्णीला अडकली', आणखी पैसे हवेत. आता मात्र भडकलो, म्हटलं गाडी नको, पैसे परत दे. गडी लगेच तयार! लिंक आली. पानावर हिरवं बटण, Receive Refund ₹8850. दोन्ही रकमांची बेरीज पैशाला पैसा जुळत होती, कुणीही फसला असता. बटण दाबलं तर माझंच पेमेंट अ‍ॅप उघडलं, रक्कम आधीच भरलेली. अ‍ॅपवर Pay लिहिलं होतं. लिंकच्या पानावर ते हवं ते लिहितात, अ‍ॅपमधला तो शब्द मात्र त्यांना बदलता येत नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मीच बायकोला शिकवलं होतं.

बँकेत गेलो तर साहेब मान वर न करता म्हणाले, "पिन तुम्हीच टाकलात ना?" मग ठाण्यात. तिथून दुसऱ्या ठाण्यात. तिथे हवालदार म्हणाले, "गाडी न बघता पैसे दिले? शिकलेले दिसता." अर्ज लिहिला, त्याची झेरॉक्स आणा म्हणाले. बाहेर लाइट गेलेली. दोन दिवस असेच, आणि तेवढ्यात खात्यातले पैसे पुढे गेलेले. हेलपाटे मारण्याआधी घरूनच १९३० ला फोन करा, cybercrime.gov.in वर तक्रार टाका. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर हाताशी ठेवा, आणि चॅट रागात डिलीट करू नका. मी केलं.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. तोच फोटो, डाव्या आरशाला तोच तडा. गाडी आता नागपुरात आहे, आणि भाव २९,०००.