क्लासच्या सराव परीक्षांसाठी गूगल फॉर्म, मूडल की भाड्याचे तयार ॲप?

तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीचा क्लास आहे, विद्यार्थी २४० आहेत आणि दर रविवारी सकाळी दहा वाजता एमएचटी-सीईटीच्या धर्तीवर सराव पेपर घ्यायचा आहे, असे समजू. चाळीस मुले क्लासमधल्या संगणकांवर बसतात, उरलेली घरून मोबाइलवर पेपर सोडवतात. या क्लासच्या चालकासमोर सर्वसाधारणपणे तीन पर्याय येतात. पहिला म्हणजे फुकट मिळणारा गूगल फॉर्म. दुसरा म्हणजे स्वतःच्या भाड्याच्या सर्व्हरवर बसवलेले मूडल हे ऑनलाइन वर्ग आणि परीक्षा चालवण्याचे सॉफ्टवेअर, जे मुक्त स्रोत असल्यामुळे परवान्याचे पैसे लागत नाहीत. तिसरा म्हणजे वार्षिक वर्गणी भरून क्लासच्या नावाने मिळणारे तयार ॲप. ओळखीच्या प्रोग्रॅमरकडून सगळे नव्याने बनवून घेण्याचा चौथा मार्गही सुचवला जातो. बनवणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला की ऐन एप्रिलमध्ये दुरुस्तीला कोणी उरत नाही, म्हणून तो येथे विचारात घेतलेला नाही.

तुलना सुरू करण्यापूर्वी परीक्षेचा आकार लक्षात घ्यावा, कारण निवड त्यावरच ठरते. पीसीएम गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे असतात आणि त्या १०० प्रश्नांना मिळून ९० मिनिटे मिळतात. त्यानंतर गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे असून त्यांना वेगळी ९० मिनिटे असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पहिल्या भागात वाचलेला वेळ गणिताला वापरता येत नाही, आणि सरावात मुलांच्या अंगवळणी पडायला हवी ती नेमकी हीच गोष्ट. एकशे ऐंशी मिनिटांचा एकच सलग पेपर देणारे संकेतस्थळ दिसायला कितीही देखणे असले तरी या परीक्षेचा सराव देत नाही.

सर्वांत आधी तपासायचे ते घड्याळ, कारण बहुतेक भांडणे तिथूनच सुरू होतात. पडद्यावर मिनिटे उलटी सरकताना दिसली म्हणजे वेळेचे बंधन आहे असे आपण धरून चालतो, पण ती मिनिटे कोण मोजत आहे हे पाहावे लागते. विद्यार्थ्याने पेपर उघडताच त्याची अखेरची वेळ सर्व्हरवर नोंदवली जात असेल, तर पडद्यावरचा आकडा केवळ दाखवण्यापुरता उरतो आणि मोबाइलमध्ये काहीही केले तरी मुदत बदलत नाही. याउलट मोबाइलमधलाच प्रोग्रॅम सेकंदाला एक आकडा कमी करत असेल, तर फोन आला किंवा दुसरे ॲप उघडले की ब्राउझर मागे पडलेल्या पानाची गती कमी करतो, कधी ते पान थांबवूनच टाकतो, आणि त्याबरोबर घड्याळही थांबते. माझ्या पाहण्यातल्या एका क्लासने अशीच एक सेवा घेतली होती. तिथे ९० मिनिटांच्या पेपरचा निकाल उतरवून सुरुवातीची व शेवटची वेळ वजा केली, तेव्हा काही मुलांच्या नावापुढे १०४ आणि १११ मिनिटे निघाली. मुलांनी लबाडी केलीच असेल असे नाही. त्यांना बहुधा घरून फोन आले होते.

या कसोटीवर मूडल निर्विवाद पुढे आहे. पेपरच्या मांडणीत "Time limit" भरले की सुरुवातीची वेळ सर्व्हरवर नोंदली जाते, आणि "When time expires" या ठिकाणी "Open attempts are submitted automatically" निवडलेले असले की मुदत संपताच पेपर आपोआप जमा होतो. मूल मध्येच बाहेर पडले असेल, तर सर्व्हरवर पार्श्वभूमीत चालणारे `cron` हे काम तो पेपर बंद करते. म्हणूनच ते दर मिनिटाला चालले पाहिजे. स्वस्त होस्टिंगवर ते लावायचेच राहिले, तर सोमवारी सकाळीही काही पेपर "सुरू" दिसतात. गूगल फॉर्ममध्ये विद्यार्थीनिहाय घड्याळ मुळातच नाही. उत्तरपत्रिकेत जमा करण्याची वेळ उमटते, सुरुवातीची नाही, त्यामुळे कोणी किती वेळ घेतला हे नंतरही काढता येत नाही. साडेअकराला आपण फॉर्म बंद केला, तर ज्याची बोटे त्या क्षणी शेवटच्या प्रश्नावर होती त्याचा संपूर्ण पेपर स्वीकारला जात नाही. तयार ॲपमध्ये दोन्ही तऱ्हा आढळतात, म्हणून विक्रेत्याच्या माणसासमोरच पाहून घ्यावे: पेपर सुरू करून फोनचे घड्याळ वीस मिनिटे मागे न्यावे, मग पाच मिनिटे दुसरे ॲप उघडून बसावे, आणि शेवटी तोच पेपर दुसऱ्या फोनवर त्याच खात्याने उघडावा. दोन्ही फोनवर उरलेली मिनिटे सारखी दिसली तरच घड्याळ सर्व्हरवर आहे.

दोन भागांचा सीईटी पेपर मूडलमध्ये एका झटक्यात बसत नाही, हेही सांगितले पाहिजे. एकाच पेपरमधल्या विभागांना वेगवेगळी मुदत देण्याची सोय त्यात नाही. त्यामुळे भौतिक-रसायनाचा एक आणि गणिताचा दुसरा असे दोन पेपर करून, पहिला पूर्ण झाल्यावरच दुसरा उघडेल अशी अट "Restrict access" मध्ये घालावी लागते. दोहोंच्या मध्ये मूल हवा तेवढा वेळ काढू शकते, ही या युक्तीतली फट. दुसऱ्या पेपरला बंद होण्याची वेळ ठरवून दिली की ती बरीचशी बुजते. सीईटीसाठीच बनवलेली तयार ॲपे येथे अधिक सोयीची ठरतात, कारण परीक्षेचा साचा निवडला की विभाग आणि वेळ ती स्वतः बसवतात.

मूडलमध्ये आणखी दोन ठिकाणी नवखा माणूस हमखास फसतो. "Attempts allowed" ही नोंद मुळात अमर्याद असते. ती १ केली नाही तर मुले पेपर दोनदा देतात आणि दुसऱ्या वेळचे गुण घेऊन पहिल्या बाकावर येतात. दुसरे ठिकाण "Review options". बरोबर उत्तरे केवळ "After the quiz is closed" या रकान्यात खूण करून दाखवावीत, नाहीतर पाऊण तासात उठलेल्या मुलाकडून उत्तरसूची व्हॉट्सॲपवर पोहोचते आणि उरलेल्यांचा पेपर तिथेच संपतो.

नेट तुटल्यावर काय होते, हा घरून बसणाऱ्या २०० मुलांचा प्रश्न आहे. मूडल साधारण दर मिनिटाला उत्तरे आपोआप साठवते, परंतु एका पानावर एकच प्रश्न ठेवला तर पुढच्या प्रश्नाला जाण्यासाठीही नेट लागते आणि मूल अडकून बसते. दहा-दहा प्रश्नांचे पान ठेवले की दोन-तीन मिनिटांचा खंड सहज निभावतो. तयार ॲप बहुधा पूर्ण पेपर आधीच फोनमध्ये उतरवून घेते, त्यामुळे या बाबतीत ते सर्वांत चिवट असते. मात्र फोन विमान-मोडवर टाकून पाच उत्तरे द्यावीत, ॲप बंद करून पुन्हा उघडावे आणि ती पाच उत्तरे टिकली आहेत का हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. सर्व्हरवरचा ताणही याच मुद्द्यात येतो. दहाच्या ठोक्याला २४० जणांनी एकदम पेपर उघडला की कमी ताकदीचा सर्व्हर गुदमरतो. मूडलची मुदत प्रत्येकाच्या सुरुवातीपासून मोजली जात असल्याने तुकड्यांना दहा ते सव्वादहाच्या दरम्यान टप्प्याटप्प्याने बसवता येते, मात्र पेपर बंद होण्याची वेळ पावणेबारा ठेवावी. साडेअकरा ठेवल्यास उशिरा बसलेल्यांची मिनिटे तेवढी कापली जातात.

निकालाच्या बाबतीत सीईटीपुरता फॉर्मही पुरतो, कारण कापाकापी नाही. क्लासमध्ये जेईई मेनची छोटी तुकडी असेल तर गोष्ट बदलते. तिथे ७५ प्रश्न असून बरोबरला ४ गुण आणि चुकीला १ वजा असतो, आणि वजा गुणांची सोय फॉर्ममध्ये नाही. अशा वेळी फॉर्मची उत्तरे शीटमध्ये घेऊन हिशेब तिथे करावा लागतो. वेळ, ईमेल आणि हजेरी क्रमांक हे पहिले तीन स्तंभ धरले आणि `Key` नावाच्या पानावर दुसऱ्या ओळीत त्याच स्तंभांखाली बरोबर उत्तरे लिहिली, तर सूत्र असे होते:

```
=SUMPRODUCT((D2:BZ2=Key!D$2:BZ$2)*4-(D2:BZ2<>Key!D$2:BZ$2)*(D2:BZ2<>""))
```

मूडलमध्ये हेच काम करण्यासाठी प्रश्नाचे गुण ४ ठेवून प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे -२५% निवडले की झाले. निकाल लागल्यानंतर ३७ व्या प्रश्नाची उत्तरसूची चुकल्याचे एखादी मुलगी दाखवून देते, आणि तशी वेळ दर दोन-तीन पेपरांमागे येतेच. मूडलमध्ये प्रश्न दुरुस्त करून "Regrade attempts" दाबले की सर्वांचे गुण नव्याने मोजले जातात, आणि शीटमध्ये उत्तरसूचीचा एक चौकोन बदलला की पुरते. तयार ॲपमध्ये ही सोय आहे का, की त्यांच्या मदत-कक्षाला फोन करावा लागतो, हे सौद्यापूर्वी विचारावे.

विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या नोंदींत फॉर्म सर्वांत कच्चा ठरतो. प्रत्येक पेपरची शीट वेगळी असते आणि त्या जोडणारा दुवा म्हणजे मुलाने हाताने लिहिलेला हजेरी क्रमांक. एकच मुलगा जूनमध्ये "B17", ऑगस्टमध्ये "B-17" आणि दिवाळीनंतर नुसता "17" लिहितो, आणि पालकसभेच्या आदल्या रात्री कोणाला तरी ते सगळे जुळवत बसावे लागते. मूडलमध्ये खाते एकच असल्याने प्रत्येक पेपर, प्रत्येक प्रश्न आणि दिलेले उत्तर त्याच्या नावावर राहते. शिवाय "Statistics" अहवालात दर प्रश्नाचा "Facility index" मिळतो, म्हणजे तो प्रश्न सोडवण्यात मुलांना सरासरी किती टक्के यश आले. हा आकडा १५ वर आला तर आधी उत्तरसूची तपासावी, आणि ती बरोबर असेल तरच तो धडा पुन्हा शिकवायला घ्यावा. तयार ॲपचे आलेख पालकांना आवडतात, यात शंका नाही. परंतु वर्गणी बंद केल्यावर नोंदी कोणाकडे राहतात हे करारात पाहावे, आणि चाचणीच्या काळातच एका पेपरची प्रश्ननिहाय उत्तरे एक्सेलमध्ये उतरवून मागावीत. केवळ एकूण गुणांची यादी हाती आली, तर इतिहास त्यांचा आहे, आपला नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती अपेक्षित आहे. प्रवेश-अर्जातच तो मजकूर घालून सही घेणे बरे.

माझा कौल पुढीलप्रमाणे आहे. पन्नासच्या आतली मुले क्लासमध्येच बसून आठवड्याला वीस प्रश्नांची चाचणी देणार असतील, तर गूगल फॉर्म घ्यावा आणि भिंतीवरच्या घड्याळावर काम भागवावे. आरंभी कल्पिलेल्या २४० विद्यार्थ्यांच्या क्लासने, महिन्यातून चार-पाच तास देईल असा जाणता माणूस हाताशी असेल तर मूडल बसवावे, आणि नसेल तर घड्याळाची व एक्सेलची परीक्षा पार केलेले तयार ॲप घ्यावे, तेही पहिल्या वेळी एकाच वर्षासाठी. कोणताही मार्ग धरला तरी प्रश्न साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, युनिकोडमध्ये टंकून स्वतःकडे ठेवावेत. मूडल वाचते ती एकेन नावाची मांडणी अगदी सोपी आहे:

```
बलाचे एसआय एकक कोणते?
A. ज्यूल
B. न्यूटन
C. वॅट
D. पास्कल
ANSWER: B
```

जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेले मराठी प्रश्न अशा फाइलीत डकवले की त्यांची अक्षरे विचित्र चिन्हांत बदलतात. रूपांतर केल्यावरही रफार आणि जोडाक्षरे एकदा नजरेखालून घालावीच लागतात, तेव्हा हजार प्रश्नांच्या संचाला लागणारे दिवस जूनपूर्वीच मोजून ठेवावेत.