पीएस२ चे गेम्स आज कशावर खेळावेत: फॅट पीएस३ आणि PCSX2, काही महिन्यांच्या वापरानंतर

मूळ पीएस२ बाजूला ठेवला, तर त्याच्या डिस्क खेळायच्या दोन वाटा उरतात. एक म्हणजे पहिल्या पिढीतला जाडजूड पीएस३, दुसरी म्हणजे पीसीवर पीएस२ ची नक्कल करणारा एम्युलेटर, PCSX2. दोन्ही बरेच महिने वापरल्यावर माझं मत असं: गेम जसा होता तसाच हवा असेल तर पीएस३, आणि त्याहून चांगला दिसायला हवा असेल, वर थोडी खटपट करायची तयारी असेल, तर PCSX2. पण पीएस३ घेण्याआधी मागचं मॉडेल क्रमांकाचं स्टिकर नीट वाचा. खरी मेख तिथेच आहे.

२००६ साली अमेरिका आणि जपानमध्ये आलेल्या CECHA (६० जीबी) आणि CECHB (२० जीबी) या मॉडेल्सच्या बोर्डावर पीएस२ चा प्रोसेसर इमोशन इंजिन आणि ग्राफिक्स सिंथेसायझर या दोन्ही चिप्स प्रत्यक्ष बसवलेल्या आहेत. डिस्क घातली की जवळजवळ जुना कन्सोलच चालू होतो. हार्डवेअरवरची बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणतात ती ही. २००७ साली युरोपात आलेल्या CECHC आणि त्यानंतरच्या CECHE मध्ये फक्त ग्राफिक्सची चिप ठेवली. प्रोसेसरचं काम सॉफ्टवेअर नक्कल करून करतं, म्हणजे अर्धं एम्युलेशन. त्यामुळे CECHA वर बिनबोभाट चालणारा एखादा गेम CECHC वर अडखळू शकतो. CECHG पासून पुढे पीएस२ च्या डिस्क चालतच नाहीत. स्टिकर खरवडलेलं असेल तर पुढचे यूएसबी पोर्ट मोजा: चार असतील तर पीएस२ चालतो, दोन असतील तर नाही. '८० जीबी आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका, कारण CECHK सुद्धा ८० जीबीच आहे आणि त्यात ही सोय नाही.

आपल्याकडच्यांसाठी अजून एक अडचण. भारतात विकल्या गेलेल्या मूळ डिस्क पाल विभागाच्या. पीएस३ ला स्वतःच्या गेम्ससाठी विभागाचं बंधन नसलं, तरी पीएस२ च्या डिस्कसाठी आहे. अमेरिकेहून कोणाकडून तरी मागवलेला CECHA तुमच्या कपाटातली SLES क्रमांकाची डिस्क नाकारणार. तिला पाल मशीनच लागतं, म्हणजे अर्धं एम्युलेशन करणारा CECHC.

आता PCSX2. त्याला तुमच्याच पीएस२ मधून काढलेला बायोस लागतो आणि डिस्कची आयएसओ प्रत. ग्राफिक्सची जुळणी हा पुढचा भाग. मूळ अडचण आकडेमोडीची आहे, आणि ती समजली की निम्म्या सेटिंग्जचा अर्थ आपोआप लागतो. पीसीचा प्रोसेसर दशांश गणित आयईईई या मानकाप्रमाणे करतो. त्यात 'अनंत' आणि 'संख्याच नाही' अशा दोन खास किमती राखून ठेवलेल्या आहेत. इमोशन इंजिनात त्या नाहीतच. शून्यानं भागलं तर ते हाती लागेल ती सर्वांत मोठी संख्या देतं आणि पुढे जातं. पीसी 'अनंत' देतो. पुढच्या ओळीत अनंतातून अनंत वजा झालं की उत्तर 'संख्याच नाही', आणि ते एखाद्या पात्राच्या गुडघ्याच्या जागेचं असेल तर पडदाभर टोकदार त्रिकोण पसरतात किंवा पात्रच गायब होतं. म्हणून एम्युलेटर अशा किमती कापून मर्यादेत बसवतो. `Advanced` मधलं `Clamping Mode` ते हेच. सगळं कापलं तर वेग जातो, म्हणून मुळात थोडंच कापलं जातं.

दुसरा फरक शेवटच्या अंकाचा. पीएस२ उरलेला भाग नेहमी छाटून टाकतो, पीसी जवळच्या किमतीकडे वळवतो. बहुतेक गेम्सना याचं सोयरसुतक नसतं, पण ट्राय-एस कंपनीचे गेम्स (स्टार ओशन ३, व्हॅल्कायरी प्रोफाइल २) डेटा उलगडताना अशाच दशांश बेरजा वापरतात. शेवटचा अंक चुकला की उलगडलेला डेटा कचरा. त्यासाठी PCSX2 मध्ये बेरजेचा वेगळा तोडगा लिहावा लागला. असे तोडगे डिस्कच्या क्रमांकावरून आपोआप लागू होतात. चिपच बोर्डावर असलेल्या पीएस३ ला यातलं काहीच करावं लागत नाही.

बिघाड नेमका कुठला हे ओळखायची सोपी रीत: गेम चालू असताना F9 दाबा. त्यानं ग्राफिक्स कार्डाऐवजी सॉफ्टवेअर रेंडरर लागतो. चित्र सुधारलं तर दोष ग्राफिक्सच्या बाजूचा, तसंच बिघडलेलं राहिलं तर गणिताचा. दुसऱ्या प्रकारात गेमवर राइट क्लिक करून `Properties` उघडा आणि फक्त त्या गेमपुरतं `Clamping Mode` बदलून `Extra + Preserve Sign` करून बघा. सगळ्या गेम्ससाठी एकदम बदलू नका.

पहिल्या प्रकारचे दोष बहुधा आपणच ओढवून घेतलेले असतात. रिझोल्यूशन `3x Native` ठेवलं की चित्र साधारण १०८० ओळींचं होतं, पण गेमला ते माहीतच नसतं. धूसरपणा किंवा चमक आणायला जुने गेम्स आख्खं चित्र अर्धा पिक्सेल सरकवून पुन्हा वर रंगवायचे. तिप्पट पटीत ते सरकणं चुकतं आणि प्रत्येक आकृतीला भुतासारखी सावली लागते. त्यावर `Half Pixel Offset`. टेकन किंवा एस कॉम्बॅटमध्ये उभ्या रेघा आल्या तर `Align Sprite`. हे दिसत नसतील तर आधी `Manual Hardware Renderer Fixes` वर टिक करा. `Native` वर आणलं की सहसा सगळंच नाहीसं होतं.

वेगाबद्दलची तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. शॅडो ऑफ द कोलोसस मूळ पीएस२ वरच अडखळत चालायचा. CECHA वरही तसाच चालतो, कारण चिप तीच. भारी पीसीवरसुद्धा तसाच, कारण एम्युलेटर मूळ चिपच्या घड्याळाचे ठोके मोजूनच काम करू देतो. इमोशन इंजिनाच्या घड्याळाचा वेग ठरवणारं `EE Cycle Rate` १८०% केलं तर तो बराच सफाईदार होतो. पीसीच कमी पडतोय का, हे पडद्यावरच्या वेगाच्या टक्केवारीवरून कळतं. ती १०० असताना चित्र अडखळलं तर गेमचाच स्वभाव. ९० च्या खाली जाऊन आवाज तुटायला लागला तर पीसी दमलाय.

पाल डिस्कची गोष्ट निराळी. ती सेकंदाला ५० वेळा चित्र बदलते. फ्रेम मोजून चालणारा गेम पालसाठी नीट बदललेला नसेल, तर ६० सेकंदांचा खेळ ७२ सेकंद घेतो. हे पीएस३ वरही होतं आणि PCSX2 वरही, कारण तो डिस्कचाच गुण आहे. सुरुवातीला ६० हर्ट्झचा पर्याय विचारला तर तोच निवडा.

कंट्रोलरचा फरक मात्र कोणी सांगत नाही. पीएस२ च्या पॅडची बटणं दाबाचा जोर मोजायची. मेटल गिअर सॉलिड २ मध्ये चौकोन झटक्यात सोडला तर गोळी सुटते, हळू सोडला तर बंदूक खाली होते. ड्युअलशॉक ३ ला हे जमतं. ड्युअलशॉक ४ ला किंवा एक्सबॉक्सच्या पॅडला नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी गोळी सुटते आणि पहारेकरी सावध होतात. PCSX2 च्या कंट्रोलर सेटिंगमध्ये `Pressure Modifier` ला एक रिकामं बटण द्या. ते धरून ठेवलं की बाकीची बटणं अर्ध्या जोरानं दाबल्याची नोंद होते.