चष्म्यामागचा सुपरमॅन: संमोहन की अभिनय?

सुपरमॅन एरवी क्लार्क केंट नावाचा पत्रकार म्हणून वावरतो, आणि त्याचा मुखवटा म्हणजे नुसता चष्मा. तरी रोज शेजारी बसणारी सहकारी लोइस त्याला ओळखत नाही, ती का? 1978 सालीच याची दोन उत्तरं आली. कॉमिकमध्ये सांगितलं की त्याच्या मूळ ग्रहाच्या, क्रिप्टॉनच्या, काचांमधून त्याचं संमोहन पसरतं आणि बघणाऱ्याला तो किरकोळ दिसतो. पण मग लोइसने इतकी वर्षं घेतलेल्या संशयाला अर्थच उरत नाही.

चित्रपटात क्रिस्टोफर रीव्ह लोइसच्या घरी, ती आत असताना, चष्मा काढतो. पोक जातो, खांदे रुंदावतात, आवाज खाली उतरतो. सगळं सांगायचं असतं, पण धीर होत नाही. चष्मा चढतो, खांदे पुन्हा पडतात. मला हेच पटतं, कारण इथे लोइस मूर्ख ठरत नाही.