डीएससी आणि टीजीए: आठ महिने वापरल्यावर

औषधाच्या कच्च्या मालाच्या प्रयोगशाळेत ही दोन यंत्रं मी आठ महिने रोज चालवतोय. नमुना तापवताना तो किती उष्णता शोषतो किंवा सोडतो ते डीएससी मोजते, आणि त्याचं वजन किती घटतं ते टीजीए. एक गोष्ट पक्की पटली आहे: शेजारी टीजीए नसेल तर नुसत्या डीएससीच्या आलेखावर विश्वास ठेवू नये.

हे मला लॅक्टोज मोनोहायड्रेटने शिकवलं. डीएससीत मिनिटाला 10 अंशांनी तापवलं, तर उष्णता शोषली जाण्याची दोन शिखरं दिसली. एक 145 अंशांच्या आसपास, दुसरं 215 च्या पुढे. पहिलं इतकं टोकदार होतं की मी वहीत सरळ ‘वितळण’ लिहून टाकलं. मग 6.20 मिलिग्रॅम नमुना टीजीएत ठेवला. त्याच पहिल्या शिखराच्या टप्प्यात 0.31 मिलिग्रॅम वजन उतरलं, म्हणजे 5 टक्के. लॅक्टोजच्या एका रेणूमागे पाण्याचा एक रेणू धरला तर हिशेब नेमका एवढाच येतो. म्हणजे वितळलं काहीच नव्हतं, स्फटिकातलं पाणी निघून गेलं होतं. नुसतं वितळताना वजन हलत नाही. पॅरासिटामॉल 169 अंशांच्या सुमारास वितळतं तेव्हा टीजीएची रेघ सपाट राहते.

दुसरं शिखर जास्त फसवं. तिथे लॅक्टोज वितळतंही आणि लगोलग विघटनही सुरू होतं, वजन घसरायला लागतं. थंड झाल्यावर नमुन्याचं छोटं पॅन उघडलं तर आत तपकिरी थर, जळक्या साखरेचा वास. अशा वेळी मी तापवण्याचा वेग मिनिटाला 2 अंशांवर आणून पुन्हा चालवतो. खरं वितळण जवळपास जागेवरच राहतं, पण विघटन मिसळलेलं शिखर कित्येक अंश खाली सरकतं. म्हणून अशा पदार्थाचा वितळणबिंदू लिहिताना वेगही लिहायलाच हवा.

पॅनच्या झाकणाकडे मी सुरुवातीला दुर्लक्ष केलं, ते महागात पडलं. लॅक्टोजचं पॅन भोक न पाडता घट्ट बंद केलं. वाफ कोंडली, पाण्याचं शिखर वरच्या तापमानाकडे सरकलं आणि मग झाकण फुगून सुटलं. आलेखावर मध्येच एक सुईसारखी उडी आली, ती याचीच खूण. आतला माल यंत्राच्या सेलमध्ये, म्हणजे पॅन ठेवायच्या कप्प्यात सांडला, सेल साफ करून इंडियम धातूने यंत्र पुन्हा तपासेपर्यंत दिवस गेला. इंडियम 156.6 अंशांना वितळतं, आकडा तिथे आला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आता क्रम ठरलेला आहे. आधी टीजीए, वजन कुठून ढासळतं ते बघायचं, आणि डीएससी त्याच्या थोडं आधीच थांबवायची. नमुना 3 ते 5 मिलिग्रॅम, पॅनच्या तळाशी पातळ पसरलेला. ढीग करून ठेवला की शिखर रुंद आणि वाकडं येतं.

एवढं करूनही या दोन यंत्रांना एक गोष्ट सांगता येत नाही: बाहेर गेला तो वायू कोणता. 5 टक्के घट पाण्याची, हे मी हिशेबावरून म्हणतो. नवा पदार्थ असेल तर तेवढ्यावर सही करत नाही, कार्ल फिशर पद्धतीने पाणी मोजून घेतो.