झेनरच्या मालिकेत २२० ओहमचा रोध की ३३० ओहमचा?

१२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवरून ५.१ व्होल्टचा, अर्ध्या वॉटचा झेनर लावून २० मिलिअँपिअरचा लोड चालवायचा आहे. बॅटरी उतरली की ११ व्होल्ट, चार्ज होताना १४.४.

३३० ओहम फसवतो, कारण टेबलावर १२ व्होल्ट देऊन पाहिलं तर तो चालतो: १२ वजा ५.१ म्हणजे रोधावर ६.९ व्होल्ट, ते भागिले ३३० म्हणजे २०.९ मिलिअँपिअर. लोडचे २० वजा केले की झेनरला जेमतेम ०.९ उरतात. बॅटरी ११ वर आली की रोधातून १७.९ च येऊ शकतात, लोडला मात्र २० हवेत. झेनर बंद पडतो आणि लोडने २० ओढत राहिल्यास आउटपुट ४.४ व्होल्टवर घसरतं. म्हणून हिशेब नेहमी सर्वात कमी इनपुट आणि सर्वात जास्त लोड धरूनच करावा. झेनरसाठी ५ मिलिअँपिअर राखले, तर ५.९ व्होल्ट भागिले २५ मिलिअँपिअर, म्हणजे २३६ ओहम. त्याखालचा बाजारात मिळणारा रोध २२० ओहमचा.

२२० ला ११ व्होल्टवरही झेनरमध्ये ६.८ मिलिअँपिअर वाहतात. किंमत मोजावी लागते ती उष्णतेत. १४.४ व्होल्टवर लोड काढला तर सगळे ४२.३ मिलिअँपिअर झेनरमधून जातात, म्हणजे सुमारे ०.२२ वॉट, ते त्याला झेपतं. रोधावर मात्र ०.३९ वॉट पडतात, तेव्हा पाव वॉटचा रोध जळेल. मी इथे २२० ओहम, १ वॉटचाच लावेन.